हातचं राखून

पावणेआठच्या सुमारास आमच्या कुकरची तिसरी शिट्टी होते आणि त्याच शिट्टीवर घरचा रोजचा सामना सुरू होतो. मैदान म्हणजे हॉलमधली सतरंजी. एका बाजूला तिसरीतली कन्या, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये गणिताची वही. सामन्याआधी कन्येला तहान लागते. पाणी प्यायलं की थोड्या वेळाने त्याचंच पुढचं काम निघतं. तिथून ती परत येते तेव्हा पेन्सिलीला टोक नसतं, टोक करायला घेतलं की ते मोडतं. मग खोडरबर दिवाणाखाली जातं आणि ते काढायला गेलेली कन्या बराच वेळ दिवाणाखालीच मुक्काम करते. तेवढ्यात लाइन गेली तर तिचा चेहरा अंधारातही उजळलेला दिसतो.

नऊ वाजता मी ओरडलेलो असतो, ती रडलेली असते आणि सौ. स्वयंपाकघरातून "शेजारी ऐकतात" अशी सूचना तिसऱ्यांदा देऊन चुकलेली असते. बुलढाण्याची हवा थंड. रात्री रस्त्यावर सामसूम झाली की आवाज लांबवर जातो. "शून्यातून सहा कसे जातील?" हा माझा सवाल गल्लीतल्या प्रत्येक घरात पोहोचला असणार. समोरचे काका परवा मला भेटले आणि हळूच म्हणाले, "नाही जात हो. आम्हाला पटलं."

माझी धाकटी बहीण चिखली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला फोनवर ही रडकथा सांगितली तर ती म्हणाली, "दादा, २०२० च्या दप्तर धोरणात काय लिहिलंय माहीत आहे का? दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. रोज एक तास चालतो तो सहावीपासून आठवीपर्यंत. तुम्ही दोघं किती वेळ बसता?"

मी हिशेब केला. दिवसभर लोकांचे हिशेब लिहिणं हेच माझं काम, त्यामुळे तेवढं येतं. पावणेआठ ते सव्वानऊ म्हणजे दीड तास. आठवड्याचा कोटा आमच्या घरी मंगळवारी जेवायच्या आधीच संपतो. आणखी खोलात गेलो तेव्हा त्या दीड तासात वहीवर पेन्सिल चालते ती वीसेक मिनिटं, असं दिसलं. बाकीचा वेळ पाणी, दिवाण आणि माझं भाषण. म्हणजे शाळेने दिलेला गृहपाठ कोट्यातच होता. वरचा सव्वा तास आम्ही घरी तयार केला होता.

खरं तर ओरडणं हा माझ्या आजाराचा दुसरा टप्पा. पहिला टप्पा होता मदतीचा, आणि तो जास्त वाईट होता.

दिवाळीआधी शाळेतून सांगणं आलं की परिसरातल्या एखाद्या ठिकाणाची प्रतिकृती करून आणा. आमच्या जिल्ह्यात लोणार असताना दुसरं काय करणार? रविवारी सकाळी कन्या आणि मी दोघं मिळून बसलो. नऊ वाजता ती कागदाचे बोळे करत होती. साडेनऊला मी म्हटलं, "असे नाही, घट्ट कर." दहाला म्हटलं, "आण इकडे." अकराला ती शेजारी खेळायला गेली होती आणि मी एकटा गव्हाच्या पिठाची खळ, जुनी वर्तमानपत्रं आणि विवराचा एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटरचा व्यास यांच्याशी झुंजत होतो. काठावरची झाडी काथ्याची, देवळं काडेपेटीची. आणि तळ्याचं पाणी गुलाबी! २०२० च्या जून महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, ते मला आठवलं. होळीचा उरलेला रंग कामी आला. रात्री मी त्या विवराकडे उल्केपेक्षाही जास्त अभिमानाने पाहत होतो.

शाळेत सगळ्यांना ते आवडलं. मग मॅडमनी कन्येला विचारलं, "पाणी गुलाबी का केलंस गं?"

कन्या म्हणाली, "पप्पांना विचारून सांगते."

ही गोष्ट तिने घरी येऊन अगदी सहज सांगितली, आणि वर प्रामाणिकपणे विचारलंही, "का केलं होतं?" खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसा रंग आला, हे पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासात निघालं होतं. मी ते सांगायला लागलो तोवर ती दिवाणाखाली होती. विवर माझं होतं, प्रश्नही मलाच पडला होता, आणि उत्तरही मलाच कळलं. तिच्या वाट्याला आलं फक्त ते डोक्यावर धरून शाळेत नेणं.

तर मदत करून हे झालं म्हणून मी मदत सोडली आणि देखरेख धरली. देखरेख म्हणजे ओरडणं. अशा अवस्थेत आमच्या घरात ती वजाबाकी आली.

४०३ − १६७.

कन्येने उत्तर लिहिलं ३६४. मी म्हटलं, "चूक." तिने खोडलं आणि पुन्हा ३६४ लिहिलं. मी म्हटलं, "लक्ष कुठे आहे?" तिने कागद फाटेपर्यंत खोडलं आणि तिसऱ्यांदा, आता रडत, ३६४ लिहिलं.

मग मी शिकवायला घेतलं. मी शाळेत शिकलो तसं: शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा. कन्या म्हणाली, "आमच्या मॅडम उसना म्हणत नाहीत. दशक सुटा करायचा असतो." मी म्हटलं, एकच आहे ते. ती म्हणाली, एकच नाही. आणि इथे शेजाऱ्याकडे तर शून्य होतं. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून उसनं कसं आणायचं, हा तिचा प्रश्न व्यवहाराला धरून होता.

सोफ्यावर बसलेल्या आबांना राहवलं नाही. आमचं मूळ गाव घाटाखाली, मोताळा तालुक्यात. आबांनी तिथे शेतीबरोबर चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं. पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ. दुसरीच्या पुस्तकात 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' असंही वाचायची सोय २०१९ साली केली, तेव्हापासून त्यांचा गणिताच्या पुस्तकांवर राग आहे. ते म्हणाले, "कायले रडवतं पोरीले? इकडे ये माय. तीनातून सात जात नाहीत. मंग तेरातून सात गेले, रायले सहा. हातचा एक. खालचे सहा न् हातचा एक, सात. शून्यातून सात जात नाहीत, दहातून सात गेले, तीन. हातचा एक. खालचा एक न् एक, दोन. चारातून दोन गेले, दोन. दोनशे छत्तीस!"

हे त्यांनी एका दमात म्हटलं. कन्येने तोंड उघडं ठेवून ऐकलं आणि विचारलं, "पण हातचा तर बेरजेत असतो ना?"

सौ. माहेरची चिखलीची, म्हणजे घाटावरची. ती पोळी लाटता लाटता आतून म्हणाली, "एवढं कशाला? एकशे सदुसष्टला तीन मिळवले की एकशे सत्तर, तीस मिळवले की दोनशे. पुढे दोनशे तीन. झाले दोनशे छत्तीस." दुकानदार गिऱ्हाइकाला सुट्टे परत देतो, तशी तिची रीत.

आता वजाबाकी एक, रीती तीन, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर. राजूर घाट चढून आलेली एक, घाटावरचीच एक, आणि माझी एक मधल्या वळणावर अडकलेली. कन्या तिघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला चौथी रीत हवी होती, तिच्या मॅडमची, आणि तीच नेमकी आमच्यापैकी कोणाला येत नव्हती. ती जोरात रडली. त्या रात्री मी तिच्या वहीत २३६ लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी वहीवर बरोबरची खूण आली. मला आली म्हणा.

बहिणीला पुन्हा फोन केला. तिने माझी बाजू ऐकूनच घेतली नाही. म्हणाली, "आधी तिच्या चुकीच्या वजाबाक्यांचे फोटो पाठव. एकीचा नको, सगळ्यांचे. आणि खोडायच्या आधीचे."

मी मागची पानं चाळली. ८५ − ३२ बरोबर. ५७६ − २४१ बरोबर. ६४ − २८ चं उत्तर ४४, चूक. ४०३ − १६७ चं ३६४, चूक. फोटो गेल्यावर मिनिटाभरात बहिणीचा फोन आला. "दादा, ही गोंधळलेली नाहीये. तिचा एक नियम आहे आणि तो ती इमानाने पाळते. वर-खाली काही असो, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. आठातून चार, चार. सहातून दोन, चार. झाले चव्वेचाळीस. सातातून तीन चार, सहातून शून्य सहा, चारातून एक तीन. तीनशे चौसष्ट. बघ, दर वेळी तेच येणार. तू शंभरदा 'लक्ष दे' म्हटलंस तरी येणार, कारण ती लक्ष देऊनच करतेय."

मी गप्प झालो. ही चूक जुनी आणि जगभरची आहे, असंही तिने सांगितलं. १९७८ साली अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या असल्या चुका गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ चुका हलगर्जीपणाच्या नव्हत्या, त्यांच्यामागे एकेक पक्का पण चुकीचा नियम होता. बहिणीने ओळखायची खूण दिली. चूक कधी होते, कधी नाही, अशी असेल तर ते दुर्लक्ष किंवा दमणं. त्याच जागी, त्याच जातीची, प्रत्येक वेळी होत असेल तर मागे नियम आहे. आणि नियम शोधायचा तर मुलाला "का चुकलं" विचारायचं नाही. "कसं केलंस ते मला सांग" म्हणायचं आणि ऐकून घ्यायचं. मधे बोलायचं नाही.

त्या रात्री मी तसं विचारलं. कन्या म्हणाली, "लहानातून मोठं जात नाही ना पप्पा, मॅडमनीच सांगितलंय. म्हणून मी मोठ्यातून लहान केलं."

यात मॅडमचं काही चुकलं नव्हतं. पहिली-दुसरीत ते वाक्य खरंच असतं. माझ्या लेकीने ते मनापासून धरून ठेवलं होतं, आणि मी आठवडाभर तिला बेशिस्त म्हणत होतो.

आता पुढचा प्रश्न होता माझ्या हातांचा. समजावता समजावता माझा उजवा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मला ते कळतही नाही. सौ.ने कधीपासून हेरलं होतं. तिने एक ताट आणलं, त्यात पाव किलो लसूण ओतला आणि माझ्यापुढे ठेवलं. "तुमचे हात मोकळे असतात म्हणून सगळं भांडण होतं. सोला."

लसणाचा एक गुण असा की सोलताना बोटं चिकट होतात आणि त्या बोटांनी वहीला हात लावायची सोय राहत नाही. दुसरा गुण असा की नजर ताटात राहते. मी सारखा वहीत पाहत होतो तेव्हा प्रत्येक अंक लिहिण्याआधी कन्या माझ्या भुवया पाहायची. भुवई वर गेली की ती लगेच खोडायची. माझ्या भुवयांवरून उत्तर काढायची विद्या तिला चांगली साधली होती, वजाबाकी मात्र राहून गेली होती. आता मी लसणाकडे पाहू लागलो आणि तिला वहीकडे पाहावं लागलं.

मी तिला चार शंभराच्या नोटा दिल्या आणि एक-एक रुपयाची तीन नाणी. "हे चारशे तीन. मला एकशे सदुसष्ट दे."

तिने आधी नाण्यांकडे पाहिलं. "सात पाहिजेत. तीनच आहेत."

माझं तोंड उघडलं होतं. मी एक पाकळी सोलली. हे सर्वांत अवघड काम. मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं असं बहिणीने सांगितलं होतं, आणि ते दहा आकडे मला लोणारच्या विवराइतके खोल वाटले.

"सुट्टे नाहीत," ती म्हणाली.

"मग?" मी एवढंच म्हटलं.

"दहाची नोट मोडायची. पण दहाची नोटच नाहीये." इथे ती थांबली. वहीतलं शून्य तिला पहिल्यांदाच दिसलं. वहीत तो नुसता गोल होता, इथे तिच्या दोन मुठींच्या मधली रिकामी सतरंजी. ती खूप वेळ गप्प बसली. मी आणखी दोन पाकळ्या सोलल्या आणि म्हटलं, "दुकानात दहाची नोट नसली तर आबा काय करायचे?"

"शंभर मोडायचे!" ती ओरडली आणि आबांकडे धावली. आबांनी बंडीच्या खिशातून दहाच्या दहा नोटा मोजून दिल्या, शंभरची नोट घेतली आणि सवयीने ती उजेडात धरून तपासली. मग दहाच्या एका नोटेचे दहा रुपये सुटे झाले. देवघरातल्या डबीतली सगळी नाणी त्यात गेली. सतरंजीवर आता शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. तिने मला सात नाणी दिली, दहाच्या सहा नोटा दिल्या, शंभराची एक दिली. उरलेले मोजले. दोन, तीन, सहा.

"दोनशे छत्तीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता वही ओढली, वरच्या चारवर काट मारून ३ लिहिला, शून्यावर ९, तीनच्या डोक्यावर १३. मॅडम ज्याला दशक सुटा करणं म्हणतात ते आमच्या बाजारपेठेतलं 'सुट्टे करणं'च होतं. फक्त कोणी तिला ते सांगितलं नव्हतं. आणि मी सांगितलं असतं तर तिने ते ऐकून सोडून दिलं असतं.

बहिणीला हे कळवलं तर तिने बी.एड.चा एक जुना धडा काढला. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला होता आणि मोठ्या माणसाने त्यांना मदत कशी करावी ते पाहिलं होतं. त्या मदतीला त्यांनी नाव दिलं परांचीचं. गवंडी घर बांधताना बांबूंची परांची उभी करतो तशी. परांची भिंतीच्या उंचीने वाढते, भिंत उभी राहिली की उतरते, आणि भिंतीचा भार स्वतः कधी घेत नाही. पुढे वुड यांनी त्याचा साधा नियम केला. मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की लगेच एक पायरी कमी करायची.

आमच्या घरात या पायऱ्या अशा ठरल्या आहेत. पहिली, गप्प बसून थांबणं. दुसरी, "मग?" किंवा "आता काय?" एवढंच विचारणं. तिसरी, कुठे पाहायचं ते सांगणं, जसं मी दहाच्या नोटेचं विचारलं. चौथी, नोटा, नाणी, काड्या असं काही तिच्यापुढे मांडून देणं. पाचवी आणि शेवटची, करून दाखवणं, पण तिचं गणित नाही. ३०२ − १४५ सारखं त्याच जातीचं दुसरं गणित मी माझ्या कागदावर बोलत बोलत सोडवतो, कागद उलटा ठेवतो आणि तिने तिचं करायचं. उलटा ठेवणं महत्त्वाचं. उघडा ठेवला की ती गणित करत नाही, नक्कल करते. आणि पाचवीपर्यंत गेलो तरी पुढच्या गणिताला पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं, म्हणजे लसणाकडे पाहत बसायचं. माझी जुनी चूक अशी की मी सरळ पाचवीपासून सुरुवात करायचो आणि तिथेच मुक्काम ठोकायचो.

सगळं एका रात्रीत सरळ झालं असं मात्र कोणी समजू नये. तिसऱ्या दिवशी पाच गणितं होती. तिने दोन केली, तिसऱ्यात पुन्हा मोठ्यातून लहान काढलं, चौथं अर्धवट. घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती, डोळे जड झाले होते, अंक रेघेखाली उतरायला लागले होते. असे अंक उतरू लागले की पुढे काही होत नाही, हे मी आता ओळखतो. तिथे थांबायचं. पण चुकलेलं गणित तसंच राहू द्यायला माझा हात धजेना. वहीत चूक गेली तर मॅडम काय म्हणतील? आईबाप लक्ष देत नाहीत?

बहीण म्हणाली, "तू २३६ लिहिलंस त्या दिवशी तिच्या मॅडमना काय कळलं? की हिला येतं. मग त्या पुढे गेल्या. दादा, गृहपाठ हा ताप मोजायचा काटा आहे. तू काट्याला थंड पाणी लावून परत पाठवतोस."

म्हणून मी वहीच्या कडेला पेन्सिलीने एक ओळ लिहिली: 'मधे शून्य आलं की अडते. दोन स्वतः केली, तिसरं तिने केलं तसंच ठेवलंय.' चूक खोडली नाही, सही केली. तसं लिहिताना मला परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी कन्या सांगत आली की मॅडमनी काड्यांचे गठ्ठे आणले होते. शंभराचा गठ्ठा सोडून दहा-दहाचे केले, दहाचा सोडून सुट्या केल्या. "आणि पप्पा, फक्त मलाच नव्हतं येत असं नाही. खूप जणांना नव्हतं येत." हे सांगताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आबा मात्र नाराज होते. त्यांच्या हातच्याला कोणी विचारलं नव्हतं. नवी रीत पक्की होईपर्यंत दुसरी शिकवायची नाही, एवढी त्यांना विनंती केली होती. त्यांच्याकडे तपासनीसाचं काम दिलं. कन्येने उत्तर काढायचं, मग उत्तरात खालची संख्या मिळवून वरची येते का ते आबांसमोर करायचं. २३६ आणि १६७, चारशे तीन. आबा मान डोलावून "पटलं" म्हणतात. त्या एका शब्दासाठी ती ताळा करते. मी सांगितलं असतं तर केला नसता.

तीन आठवड्यांनी, रविवारी, आबांची पाळी आली. कन्येनेच विचारलं, "आबा, तुमचा हातचा येतो कुठून?" आबांनी आयुष्यभर तो हातचा धरला होता, पण कुठून येतो याचा विचार केला नव्हता. थोडा वेळ छताकडे पाहून ते म्हणाले, "माय, मी बहात्तरचा, तू आठची. आपल्यात अंतर किती?" तिने चौसष्ट सांगितलं. "आन् दहा वर्सांनी?" ती हिशेब करायला लागली आणि मधेच थांबली. "तेवढंच!" आबा म्हणाले, "मंग झालं. वरच्याले दहा वाढवले, खालच्यालेही दहाच वाढवले. अंतर तेच रायते." वरच्याला दहा म्हणजे तीनाचे तेरा. खालच्याला दहा म्हणजे दशकात एक, तोच हातचा. मी चाळिशीत पोहोचलो, रोज वजाबाक्या करून पोट भरतो, आणि हे मला त्या रविवारी कळलं.

तेव्हा मला माझी आई आठवली. ती शाळेत गेलीच नव्हती. संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापताना ती मला समोर बसवायची आणि म्हणायची, "काय लिवलं ते मले सांग." मी सांगायचो. तिला कळलं नाही की ती म्हणायची, "नाही समजलं. परत सांग." मी परत सांगायचो, जास्त सोपं करून. सांगता सांगता माझीच चूक मला सापडायची. तिचे हात पिठाने भरलेले असायचे आणि अक्षरओळख नव्हती, त्यामुळे माझा गृहपाठ करून देणं तिला शक्यच नव्हतं. मला आजवर वाटायचं की घरी शिकवणारं कोणी नसतानाही मी शिकलो.

आपल्याकडे 'हातचं राखून' हे शब्द कोणी कौतुकाने म्हणत नाही. कामचुकार माणसाबद्दल म्हणतात. पण लेकरांच्या वहीपुढे बसलेल्या आईबापांनी मदत हातचं राखूनच करावी. जे येतं त्यातलं पुष्कळसं आपल्यापाशी ठेवावं आणि लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच पुढे करावं. राखून ठेवलेलं वाया जात नाही. हातचा पुढच्या घरात मिळवायचाच असतो.

काल ५०० − २३८ आलं होतं. दोन शून्यं. कन्येने नोटा मागितल्या नाहीत. बराच वेळ वहीकडे पाहिलं, एकदा पाणी प्यायली, दिवाणाखालीही जाऊन आली. मग २६२ लिहिलं आणि ताळा करायला आबांकडे गेली. वीस मिनिटं लागली. आमच्याकडे आठवडाभराचा लसूण सोलून ठेवलेला आहे, कोणाला लागला तर घेऊन जा.